मुदत कागदाची, दंड मालाला

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे तपासनाके उठले. त्यांच्या जागी आले ई-वे बिल. फेब्रुवारी २०१८ मध्ये पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. मग काम पुढे ढकलले गेले आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ते सक्तीचे झाले. पन्नास हजारांवरचा माल एका राज्यातून दुसऱ्यात न्यायचा तर गाडी हलण्याआधी त्याची नोंद संगणकावर हवी. माल कोणाचा, कोणाकडे चालला, बिल किती रुपयांचे, हे सगळे पार्ट एमध्ये. कोणत्या गाडीतून चालला ते पार्ट बीमध्ये. नाक्यावर तासन्तास उभे राहण्यापेक्षा हे बरे, याबद्दल वाहतूकदारांतही दुमत नाही. माझा आक्षेप या नोंदीला नाही, तिला जोडलेल्या घड्याळाला आहे.

प्रत्येक ई-वे बिलाला मुदत असते. पहिल्या २०० किलोमीटरना एक दिवस आणि त्यापुढच्या प्रत्येक २०० किलोमीटरना किंवा त्यांच्या भागाला आणखी एक. सुरुवातीला हा हिशेब शंभराचा होता, १ जानेवारी २०२१ पासून तो दोनशेचा झाला, म्हणजे तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापायचे. अवाढव्य यंत्रे नेणाऱ्या गाड्यांना मात्र अजून वीस किलोमीटरला एक दिवस मिळतो. सरकारचे म्हणणे असे की चांगला ट्रक दिवसाला दोनशे किलोमीटर सहज जातो. ते खरेच आहे. पण मुदत संपते ती ट्रक हळू चालला म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ती संपते माल ट्रकमध्ये चढण्याच्या आधीच्या काळात, आणि ते घड्याळ कोणी, कधी सुरू केले याची मालकाला कल्पनाही नसते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री घेऊ. उदाहरण रचलेले आहे, पण असे प्रकार वाहतूकदारांच्या कचेरीत नवे नाहीत. बिडाचे कास्टिंग बेंगळुरूच्या पीण्यातल्या कारखान्याला पाठवायचे आहे. मालाची किंमत आठ लाख, त्यावर अठरा टक्के आयजीएसटी म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. दोन्हीकडचे पिन कोड टाकल्यावर संगणकाने अंतर दाखवले ६१० किलोमीटर, म्हणजे मुदत चार दिवस. अंतर ६०० असते तर तीनच मिळाले असते.

सोमवारी रात्री माल तयार झाला. पूर्ण ट्रक भरण्याइतका तो नाही, म्हणून पार्ट लोडने जाणार. आधी टेम्पोतून कोल्हापुरातल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात, तिथून इतरांच्या मालाबरोबर ट्रकमध्ये. कारखान्यातल्या कारकुनाने रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी पार्ट ए भरला, ट्रान्सपोर्टरचा आयडी घातला आणि टेम्पो निघणार म्हणून पार्ट बीमध्ये टेम्पोचा नंबरही घातला. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले. पण मुदतीचे घड्याळ पहिला पार्ट बी भरला की सुरू होते. ते त्याच क्षणी सुरू झाले.

आता दिवस मोजू. नियम असा आहे की पहिला दिवस बिल बनवल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी रात्री ११.४० ला सुरू झालेला पहिला दिवस मंगळवारच्या मध्यरात्री संपला, आणि चौथा दिवस शुक्रवारच्या मध्यरात्री. हेच बटण पंचवीस मिनिटांनी, मंगळवारी १२ वाजून ५ मिनिटांनी दाबले असते, तर मुदत शनिवारच्या मध्यरात्रीपर्यंत गेली असती. घाईने पंचवीस मिनिटे वाचवली आणि एक अख्खा दिवस घालवला. रात्री अकरानंतर बिल काढणाऱ्या प्रत्येक कारखान्यात ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

पण मोठी चूक वेळेची नाहीच. टेम्पोचा नंबर घालायची गरजच नव्हती. माल पाठवणाऱ्याच्या जागेपासून ट्रान्सपोर्टरच्या जागेपर्यंत, त्याच राज्यात, पन्नास किलोमीटरच्या आत माल न्यायचा असेल, तर पार्ट बी भरला नाही तरी चालते, असे नियम १३८ मध्येच आहे. शिरोलीहून कोल्हापूर त्या अंतरात सहज बसते. पार्ट ए भरून ठेवला की त्याचा नंबर पंधरा दिवस जिवंत राहतो. त्या पंधरा दिवसांत ट्रान्सपोर्टरने खऱ्या ट्रकचा नंबर घालायचा आणि मुदत तेव्हापासून मोजायची. म्हणजे नियमाने दिलेली सवलत कारकुनाने नको तितक्या काटेकोरपणाने सोडून दिली. सवलत अशी लिहिली आहे की ती वकिलाला दिसते, कारकुनाला दिसत नाही. पडद्यावर ‘ही गाडी गोदामापर्यंतच जाणार आहे का?’ एवढा प्रश्न आला असता तरी पुरे होते.

मंगळवार आणि बुधवार माल गोदामात पडून राहिला, कारण ट्रक भरला नव्हता. गुरुवारी रात्री दहाला ट्रक निघाला. ट्रान्सपोर्टरने पार्ट बीमध्ये ट्रकचा नंबर घातला आणि त्याला वाटले, नवी गाडी म्हणजे नवी मुदत. हा समज इतका पसरलेला आहे की तो खोटा आहे हे सांगितले तरी लोक पडद्यावर बोट ठेवून वाद घालतात. गाडी बदलली की गाडीचा नंबर बदलतो, मुदत नाही. तोच प्रकार एकत्रित ई-वे बिलाचा. एका ट्रकमधल्या दहा जणांच्या मालाची दहा बिले ट्रान्सपोर्टर एका कागदावर आणतो. त्या कागदाला स्वतःची मुदत नसते. आतल्या प्रत्येक बिलाची मुदत वेगळी असते आणि आपापल्या वेळी संपते.

शुक्रवारी पहाटे हावेरीजवळ क्लच गेला. दिवसभर गाडी गॅरेजमध्ये. मुदत संपत होती शुक्रवारच्या मध्यरात्री. ती वाढवायची सोय आहे, पण तिला खिडकी आहे: मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास. इथे शुक्रवारी दुपारी चारपासून शनिवारी सकाळी आठपर्यंत. चालकाने कारखान्याला फोन केला. कारखान्यातल्या कारकुनाने संगणक उघडला, आणि संगणकाने त्याला नाकारले. कारण मुदत वाढवण्याचा अधिकार बिल काढणाऱ्याला नसतो. बिल ज्या ट्रान्सपोर्टरच्या नावावर आहे त्यालाच तो असतो. आयडी एकदा दुसऱ्याच्या नावावर गेला की मालक बाजूला. ट्रान्सपोर्टरच्या कचेरीत रात्री कोणी नव्हते. असता तर काम फार नव्हते: गाडी सध्या कुठे आहे, तिथला पिन कोड, उरलेले किलोमीटर आणि कारण. गाडी बिघडली हे कारण चालते. पाच मिनिटांचे काम.

शनिवारी पहाटे सहाला गाडी निघाली. आठ वाजता खिडकी बंद झाली. साडेदहाला चित्रदुर्गजवळ अधिकाऱ्याने गाडी थांबवली.

पुढे काय होते तेही पाहावे, कारण त्याच्या रकमाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहेत. चालकाचा जबाब मूव्ह-०१ मध्ये, मालाची तपासणी, मग अडवल्याचा आदेश मूव्ह-०६, आणि सात दिवसांच्या आत दंडाची नोटीस मूव्ह-०७. कलम १२९ प्रमाणे मालक पुढे आला तर करपात्र मालावर कराच्या २०० टक्के दंड. १ जानेवारी २०२२ पूर्वी कर आणि कराइतकाच दंड, असे होते. आता सगळी रक्कम दंडच. आपल्या फाउंड्रीला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मालक पुढे आलाच नाही तर मालाच्या किमतीच्या निम्मे किंवा कराच्या दुप्पट, यांतले जे जास्त ते. कर मात्र बुडालेला नाही. बिल खरे, माल बिलाप्रमाणे, आयजीएसटी विवरणात भरलाच जाणार, पीण्याचा कारखाना त्याचे क्रेडिटही घेणार. साडेदहा तास उशिरा दिसलेल्या एका कागदापायी मालाच्या किमतीच्या छत्तीस टक्के.

याउलट, ज्या चुका सरकार क्षम्य मानते त्या पाहा. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने काही चुका किरकोळ ठरवल्या. नावातले स्पेलिंग चुकले पण जीएसटी नंबर बरोबर आहे, गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा चुकला, बिलाच्या नंबरातला अंक चुकला, पत्ता बरोबर पण पिन कोड चुकला. अशांना कलम १२९ लावू नये, फक्त हजार रुपये घ्यावेत. यातली पिन कोडची सवलत तर एका अटीसह आहे: चुकीच्या पिनमुळे मुदत वाढलेली नसावी. कंपनीचे बिल पुण्याच्या हेड ऑफिसमधून निघते, माल शिरोलीतून, आणि कारकून ‘माल कुठून निघाला’ या जागी पुण्याचाच पिन ठेवतो, ही रोजची गोष्ट. पुणे ते बेंगळुरू आठशेच्या वर, म्हणजे मुदत पाच दिवस. चारच्या जागी पाच झाले, की ती चूक किरकोळ राहत नाही.

म्हणजे गाडीचा नंबर चुकला तर हजार रुपये आणि मुदत काही तासांनी संपली तर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मला हे उलटे वाटते. गाडीचा नंबर हीच माल नेमका कोणत्या गाडीत आहे याची खूण आहे, फसवणूक करणारा तिथेच खेळणार. मुदत संपल्याने मालाची ओळख, किंमत, मालक, कर यांपैकी काहीच बदलत नाही.

सरकारच्या बाजूने सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती वजनदार आहे. मुदत नसेल तर एकाच बिलावर दोन फेऱ्या होतील. एका बिलावर कर भरला, माल पोचवला, तेच बिल पुन्हा दाखवून दुसरा, बिनबिलाचा माल नेला. हे होते, आणि ते मालक नाकारतात ते ढोंग आहे. पण मुदत हा प्रकार थांबवते का, ते अंतर बदलून पाहू. कोल्हापूर ते बेळगाव साधारण एकशे दहा किलोमीटर. या मार्गावर कास्टिंगची ये-जा रोज असते, मशिनिंगच्या जॉबवर्कलाही माल जातो, आणि आंतरराज्य जॉबवर्कला पन्नास हजारांची मर्यादा नाही, दहा हजारांच्या मालालाही ई-वे बिल लागते, हे अजूनही अनेकांना माहीत नाही. तर अशा फेरीला मुदत एक दिवस. पहाटे चारला बिल काढले तर तो ‘एक दिवस’ दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस तास. चव्वेचाळीस तासांत बेळगावच्या तीन फेऱ्या निवांत होतात. ज्याला फसवायचे आहे त्याला घड्याळ भरपूर वेळ देते. ज्याचा क्लच हावेरीला गेला त्याला ते पकडते.

मग दोन फेऱ्या कशाने सापडतात? गाडीने. टोलनाक्यावरचा फास्टॅग ई-वे बिल प्रणालीशी २०२१ पासून जोडलेला आहे. कोगनोळीला हीच गाडी एकाच बिलावर दोनदा दक्षिणेकडे गेली, तर तेवढे पाहणे पुरे, मुदत शिल्लक असो वा नसो. तपासणीची नोंद झाली की पुढच्या अधिकाऱ्यालाही ती दिसते. २०१८ साली फास्टॅगची ही जोड नव्हती, तेव्हा घड्याळ हा जवळचा उपाय होता. आज उपाय बदलला आहे, शिक्षा जुन्याच उपायाला चिकटून आहे.

न्यायालयाने हे एकदा ठळकपणे ओळखले आहे. हैदराबादमध्ये ४ जानेवारी २०२० चे एक ई-वे बिल, माल कागदाचा. शहरात आंदोलनामुळे रस्ते अडले, दुसरा दिवस रविवारचा, माल पोचला नाही, मुदत संपली. सोमवारी अधिकाऱ्याने माल अडवला आणि, हे खरे आहे, तो आपल्या नातेवाइकाच्या घरी ठेवला. कर आणि दंड मिळून ६९ हजार वसूल केले. तेलंगण उच्च न्यायालयाने सांगितले की निव्वळ मुदत संपल्याने कर चुकवण्याचा हेतू सिद्ध होत नाही. रक्कम परत करा आणि दहा हजार खर्च द्या. खाते सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने अपील फेटाळले आणि खर्चात आणखी ५९ हजारांची भर घातली. सत्यम शिवम पेपर्सचा हा निकाल प्रत्येक ट्रान्सपोर्टरच्या वकिलाला पाठ आहे. पण तो सगळीकडे एकसारखा वापरला गेला नाही, कारण तिथे वाटेतला अडथळा स्पष्ट दिसत होता. गोदामात पडून राहिलेला माल ही तितकी नेत्रदीपक कहाणी नाही.

कायद्यातही एक दार उघडे दिसते. कलम १२६ म्हणते, सहज दुरुस्त होणाऱ्या, फसवणुकीचा हेतू नसलेल्या कागदपत्रांच्या चुकीला दंड करू नये. वाचून बरे वाटते. मग त्याच कलमाचे शेवटचे पोटकलम येते: जिथे दंड ठरावीक रकमेचा किंवा ठरावीक टक्क्यांचा आहे, तिथे हे कलम लागू नाही. कलम १२९ चा दंड ठरावीक टक्क्यांचाच आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, आणि तेही त्याच पानावर.

म्हणून मागणी मोठी नाही. २०१८ च्या परिपत्रकातल्या किरकोळ चुकांच्या यादीत आणखी एक ओळ घालावी. माल बिलाप्रमाणे आहे, गाडी नोंदीतलीच आहे, टोलच्या नोंदीत ती बिलाच्या दिशेने एकदाच गेलेली आहे, आणि मुदत संपून, समजा, अठ्ठेचाळीस तास झालेले नाहीत, तर हजार रुपये घ्यावेत आणि तिथेच मुदत वाढवून गाडी सोडावी. अट मोडणाऱ्याला कलम १२९ आहेच. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कागदांवरचा धाक तसाही वाढला आहे: १८० दिवसांपेक्षा जुन्या बिलावर ई-वे बिल निघत नाही आणि कितीही वेळा वाढवले तरी मूळ तारखेपासून ३६० दिवसांपुढे ते जात नाही. जुन्या बिलांचा गैरवापर अडवायला ही कुंपणे योग्य जागी आहेत. चित्रदुर्गच्या ट्रकशी त्यांचा संबंध नाही.

हे होईपर्यंत शिरोलीच्या मालकाने काय करावे, हा प्रश्न उरतो. बहुतेक जण दंड भरून मोकळे होतात, कारण ट्रकमध्ये इतर नऊ जणांचाही माल असतो. दुसरे एक परिपत्रक म्हणते, ज्याची चूक त्याचाच माल अडवावा. पण रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकमधून एकाचाच माल कोण उतरवणार? पीण्याचा कारखाना कास्टिंगसाठी थांबलेला असतो आणि पैसे भरले की प्रकरण मिटले असे सगळे समजतात. तसे नाही. जुलै २०२५ मध्ये एएसपी ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दंड भरला म्हणून अपिलाचा हक्क जात नाही, आणि अधिकाऱ्याने मूव्ह-०९ मध्ये कारणांसह आदेश दिलाच पाहिजे. तेव्हा पैसे भरतानाच ‘आक्षेप राखून’ असे लेखी द्यावे आणि आदेशाची प्रत मागून घ्यावी. आदेश हातात आला की अपील करता येते. अपिलासाठी एरवी दंडाच्या दहा टक्के, इथे अठ्ठावीस हजार आठशे, भरावे लागतात, आणि इथे पूर्ण रक्कम भरलेलीच आहे.

नोटिशीला उत्तर देताना भावनेला जागा नाही, कागदाला आहे. हावेरीच्या गॅरेजचे बिल, त्यावर तारीख, शक्य तर वेळ आणि गाडीचा नंबर. टोलच्या पावत्या किंवा फास्टॅगचा उतारा, गाडी एकदाच दक्षिणेकडे गेल्याचे दाखवणारा. ट्रान्सपोर्टच्या गोदामातली माल आल्याची आणि लादल्याची नोंद, बिल्टीची तारीख. विक्रीच्या बिलाची विवरणातली नोंद. आणि एक गोष्ट, जी बहुतेक उत्तरांत नसते: टेम्पोचा नंबर पार्ट बीमध्ये का भरला गेला, आणि तो भरला नसता तरी नियमाप्रमाणे चालले असते, हे एका परिच्छेदात. गुरुवारी रात्री ट्रकचा नंबर हाच पहिला पार्ट बी असता, तर मुदत सोमवारच्या मध्यरात्रीपर्यंत असती आणि शनिवारी साडेदहाला चित्रदुर्गजवळ थांबवलेल्या गाडीकडे चालू बिल असते. अधिकारी हे मान्य करेल असे नाही. अपील ऐकणारा कदाचित करेल.